पाळीतले दुखणे साधे की एंडोमेट्रिओसिसचे, हे कसे ओळखावे

प्रश्न: माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावीला आहे. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत तिचं पोट इतकं दुखतं की कॉलेज आणि क्लास दोन्ही बुडतात, कधी कधी उलट्याही होतात. सोनोग्राफी नॉर्मल आली. मी आणि माझ्या सासूबाई म्हणतो की आम्हालाही असंच दुखायचं, लग्न झाल्यावर कमी होतं. पण इंटरनेटवर एंडोमेट्रिओसिसबद्दल वाचल्यापासून भीती वाटते. साधं दुखणं आणि हा आजार यांतला फरक कसा ओळखायचा? (अंधेरी, मुंबई)

उत्तर: दुखणे किती तीव्र आहे, यावरून ते साधे की आजाराचे हे ठरत नाही. उलट्या होणे, जुलाब होणे, चक्कर येणे, मांड्या आणि कंबर भरून येणे हे सगळे साध्या दुखण्यातही होते, आणि अगदी जोरात होते. उलट एंडोमेट्रिओसिस असलेल्या काही स्त्रियांना फारसे दुखतच नाही, त्यांचा आजार मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीत सापडतो. म्हणून माझ्या ओपीडीत मी ‘किती दुखते’ यापेक्षा ‘कधी सुरू होते, किती दिवस टिकते, वर्षागणिक कुठल्या दिशेने चालले आहे आणि औषधाला कसे उत्तर देते’ हे चार प्रश्न आधी विचारते. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक घरांत नेमके त्याचेच खरे उत्तर मिळालेले नसते, कारण औषध कधी नीट दिलेलेच नसते.

साधे दुखणे होते कसे, ते थोडक्यात सांगते, कारण औषधाचे सगळे गणित त्यावर उभे आहे. पाळी येण्याच्या सुमारास गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, इतका की काही क्षण त्याच स्नायूचा रक्तपुरवठा कमी पडतो, आणि या ओढाताणीलाच आपण कळा म्हणतो. हीच द्रव्ये रक्तात मिसळून आतड्यांवर परिणाम करतात, म्हणून उलट्या आणि पातळ शौचास होते. ही द्रव्ये ज्या चक्रात बीज सुटते त्या चक्रात जास्त तयार होतात. मुलीला पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने अनेकदा बीज सुटतच नाही, त्यामुळे सुरुवातीच्या पाळ्या बहुधा बिनदुखण्याच्या असतात आणि सहा महिने ते दोन वर्षांनी कळा सुरू होतात. असे दुखणे पाळीच्या काही तास आधी किंवा रक्तस्रावाबरोबर सुरू होते, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन, फार तर तीन दिवसांत ओसरते. पुढच्या पाळीपर्यंत मुलगी पूर्ण बरी असते. या चित्रात ती बसत असेल आणि तिची तब्येत एरवी ठीक असेल, तर आतून तपासणी न करता उपचार सुरू करायला हरकत नसते. सतरा वर्षांच्या मुलीची आतून तपासणी व्हायलाच हवी, असा गैरसमज घेऊन कितीतरी आया मुलीला डॉक्टरांकडे न्यायचेच टाळतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, अंडाशयावर, गर्भाशयामागच्या पोकळीत, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर रुजलेल्या असतात. तिथे दाह होतो, व्रण बनतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. त्यामुळे दुखण्याचे वेळापत्रक बदलते. ते पाळीच्या एकदोन दिवस आधीच ओटीपोटात जडपणाने सुरू होते, रक्तस्राव कमी झाला तरी रेंगाळते, आणि काही वर्षांत पाळी नसतानाही अधूनमधून डोके वर काढते. मी एक प्रश्न मुद्दाम विचारते, कारण मुली त्याबद्दल स्वतःहून कधीच सांगत नाहीत: पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना आत खोलवर कळ येते का, किंवा लघवीच्या शेवटी दुखते का? महिन्यातले बाकी दिवस हा त्रास नसेल आणि पाळीबरोबर तो हजेरी लावत असेल, तर माझ्या दृष्टीने ही उलट्यांपेक्षा कितीतरी मोठी खूण आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत शरीरसंबंधाच्या वेळी खोल दुखणे ही तशीच खूण आहे.

तुम्ही लिहिले आहे की तुम्हालाही असेच दुखायचे. हे वाक्य घरोघरी धीर देण्यासाठी म्हटले जाते, पण डॉक्टरांना ते वेगळे ऐकू येते. आई किंवा बहिणीला एंडोमेट्रिओसिस असेल, तर मुलीला तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच वाढते. म्हणून तुम्हाला मूल होण्यास उशीर झाला होता का, कधी ‘चॉकलेट सिस्ट’, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ, असे निदान झाले होते का, पाळीच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया झाली होती का, हे आठवून ठेवा. यांतले काहीच नसेल, तर ‘आम्हालाही दुखायचे’ याला फारसा अर्थ नाही, कारण साधे दुखणेही घराघरांत चालत येते. ‘लग्नानंतर जाईल’ हे मात्र उपचार म्हणून कुणाला सांगू नये. बाळंतपणानंतर काहींचे साधे दुखणे कमी होते हे खरे, पण एंडोमेट्रिओसिस लग्नाने बरा होत नाही, आणि सतरा वर्षांच्या मुलीने तोवर दर महिन्याला दोन दिवस अंथरुणात काढावेत, हे मला पटत नाही.

आता औषधाकडे येते. या दुखण्यावरची मुख्य औषधे म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन आणि नेप्रोक्सेन. ती प्रोस्टाग्लॅंडिन तयार होणे थांबवतात, पण जी तयार होऊन बसली आहेत ती काढून टाकत नाहीत. म्हणून मुलगी लोळायला लागल्यावर गोळी दिली, तर गाडी सुटल्यावर स्टेशनवर पोहोचल्यासारखे होते. पाळी नियमित असेल तर आदल्या संध्याकाळी, नसेल तर पहिली चाहूल लागताच गोळी सुरू करावी, आणि नंतर दुखो वा न दुखो, ठरलेल्या तासांनी ती ४८ ते ७२ तास घ्यावी. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, किंवा मेफेनॅमिक ॲसिड पहिली मात्रा ५०० मिलिग्रॅम आणि नंतर दर सहा तासांनी २५० मिलिग्रॅम, हा सतरा वर्षांच्या, नेहमीच्या वजनाच्या मुलीसाठी सर्वसाधारण डोस आहे. दोन्ही औषधे एकत्र घ्यायची नसतात, आणि रिकाम्या पोटी तर मुळीच नाही. वरणभाताचे चार घास किंवा दूध-बिस्किटे तरी आधी पोटात जायला हवीत.

इथे मला रोज दिसणारी एक चूक सांगते. आपल्याकडे केमिस्टच्या दुकानात ‘पाळीच्या दुखण्याची गोळी’ मागितली की बहुतेक वेळा जी मिळते, तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड २५० मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम असे मिश्रण असते. डायसायक्लोमिन हे आतड्याचे पेटके सोडवणारे औषध आहे, पाळीच्या कळांवर त्याचा वाटा लहानच आहे. मुलगी दिवसातून एक गोळी घेते, म्हणजे मुख्य औषध तिच्या पोटात जेमतेम २५० मिलिग्रॅम जाते, आणि तेही दुखणे शिगेला पोहोचल्यावर. दोन गोळ्या एकदम घेतल्या की तोंड कोरडे पडते, डोके गरगरते, आणि मग घरात ठरते की ‘हिला गोळी चालत नाही’. खरे तर गोळीची परीक्षाच झालेली नसते. तुमच्या घरात कुठली गोळी आहे, तिच्या पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते आज वाचून पाहा. पॅरासिटामॉलने काहींना थोडा आराम पडतो, पण कळांसाठी ते कमी प्रभावी आहे.

काही मुलींना ही औषधे द्यायची नसतात: पोटात अल्सर झालेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा वेदनाशामक गोळीने दमा उसळत असेल तर. मुंबईत पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पाळीबरोबर ताप असेल तर डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ही औषधे बंद ठेवून फक्त पॅरासिटामॉल द्यावे, कारण डेंग्यूमध्ये ती रक्तस्रावाचा धोका वाढवतात. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबाबत एका क्वचित होणाऱ्या पण गंभीर ॲलर्जीचा इशाराही दिला होता. गोळी सुरू केल्यानंतरच्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप आणि गाठींना सूज असे एकत्र दिसले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. गरम पाण्याची पिशवी मात्र निःशंकपणे वापरा. ती केवळ आजीचा उपाय नाही, कळांवर तिचा खरोखर उपयोग होतो. कपड्यावरून धरावी आणि एकाच जागी तास न् तास ठेवू नये, इतकेच.

अशा तीन पाळ्या नीट औषध घेऊन काढाव्यात आणि प्रत्येक दिवसाची नोंद ठेवावी. वहीत चारच रकाने पुरतात: तारीख, दुखण्याला दहापैकी किती, गोळी किती वाजता घेतली, आणि त्या दिवशी काय बुडाले. दुखणे आठवरून दोनतीनवर आले आणि कॉलेज बुडेनासे झाले, तर बहुधा हे साधे दुखणे आहे आणि याच पद्धतीने पुढे जावे. ‘बहुधा’ हा शब्द मी जपून वापरला आहे, कारण एंडोमेट्रिओसिसचे दुखणेही या गोळ्यांनी काही अंशी कमी होऊ शकते. म्हणून दिशा बघत राहायची. पहिल्या वर्षी पुरणारी मात्रा दुसऱ्या वर्षी पुरेनाशी झाली, तर पुन्हा दाखवायचे. आणि साध्या दुखण्याच्याही सुमारे दहा ते वीस टक्के मुलींना या गोळ्यांचा पुरेसा उपयोग होत नाही, त्यामुळे गोळी फसली म्हणजे आजार सिद्ध झाला, असेही नाही.

गोळी फसल्यावर पुढची पायरी म्हणजे हार्मोनच्या गोळ्या, आणि इथे घरातली हवा बदलते. ‘संततिनियमनाच्या गोळ्या, आणि कुमारिकेला?’ हा प्रश्न आईच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसतो. या गोळ्यांनी बीज सुटणे थांबते आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. अस्तर पातळ म्हणजे प्रोस्टाग्लॅंडिन कमी आणि कळा कमी, एवढाच त्यामागचा हेतू आहे. त्यांनी पुढे मूल होण्याची क्षमता जात नाही. त्या सुरू करण्याआधी रक्तदाब मोजावा लागतो. डोळ्यांपुढे चमचमती रेघ येऊन मग अर्धे डोके दुखते का, आणि घरात कुणाला पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती का, हेही विचारावे लागते, कारण अशा मुलींना इस्ट्रोजेन असलेली गोळी सहसा देत नाहीत. दुखणे फार असेल तर मी मध्ये खंड न देता त्या सलग घ्यायला सांगते, म्हणजे पाळीच दोनतीन महिन्यांतून एकदा येते. मध्येच डाग पडतात, त्याला घाबरायचे नसते. वेदनाशामक आणि हार्मोन, दोन्ही नीट घेऊन तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर मग कारण शोधायलाच हवे. अशा वेळी दुर्बिणीतून तपासणी केलेल्या किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींमध्ये एंडोमेट्रिओसिस सापडतो, हे जगभरच्या अनुभवातून दिसले आहे.

सोनोग्राफी नॉर्मल आली, हे तुमच्या प्रश्नातले वाक्य. एका मुलीचे उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती एकवीस वर्षांची, मुलुंडला राहणारी, लोअर परळच्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करणारी. पाळी बाराव्या वर्षी आली, दुखणे चौदाव्या वर्षी सुरू झाले आणि अठराव्या वर्षापर्यंत दीड दिवसात उरकत असे. त्यानंतर ते पाळीच्या दोन दिवस आधी सुरू होऊन पाचव्या दिवसापर्यंत टिकू लागले. सकाळच्या लोकलमध्ये उभे राहणे अशक्य झाले. एकदा घाटकोपरला ती गाडीतून उतरून फलाटावरच बसून राहिली. चार महिन्यांत तिच्या आठ रजा झाल्या होत्या. तिच्या फाइलमध्ये तीन सोनोग्राफी होत्या. तिन्हींच्या खाली ‘नॉर्मल’ असे लिहिलेले, आणि तिन्हींच्या चिठ्ठ्यांवर कारण म्हणून फक्त ‘पोटात दुखते’ एवढेच. शौचाच्या वेळच्या कळांसाठी तिने दुसऱ्या एका डॉक्टरांकडून ॲसिडिटी आणि आतड्याच्या तक्रारींची औषधे घेतली होती, पण ती तक्रार पाळीशी जोडून कुणी विचारली नव्हती.

आम्ही तीन पाळ्या आयबुप्रोफेन वेळेवर दिले. नोंदवहीत पहिल्या दिवसाचे दुखणे नऊवरून सहावर आले आणि तिथेच थांबले. पाळीच्या आधीचे दोन दिवस आणि शौचाची कळ जराही हलली नाही. मग तीन महिने सलग हार्मोनच्या गोळ्या दिल्या. रक्तस्राव जवळजवळ थांबला, तरी मधूनमधून शौचाला बसताना तीच कळ येत राहिली. रक्तस्राव नाही आणि कळ आहे, म्हणजे दुखणे केवळ गर्भाशयाच्या आवळण्यामुळे होत नाही, हे इथे मला पटले. चौथ्या सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर मी लिहिले: ‘पाळीच्या वेळी शौचास दुखते, गर्भाशयाला मागून धरून ठेवणारे अस्थिबंध आणि आतड्याची भिंत मुद्दाम पाहावी, अंडाशय मोकळे हलतात का ते पाहावे’. ती अविवाहित असल्याने योनिमार्गातून तपासणी करायची नव्हती. तिच्या संमतीने गुदमार्गातून, अशा तपासणीची सवय असलेल्या रेडिओलॉजिस्टकडून ती करून घेतली. डाव्या अस्थिबंधावर सव्वा सेंटीमीटरची कडक गाठ दिसली, आणि एमआरआयनेही तेच सांगितले. यंत्र साधारण पहिल्या तिन्ही वेळेसारखेच होते, तपासणीचा मार्ग आणि विचारलेला प्रश्न मात्र निराळा होता.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ती गाठ काढली. शिवाय ओटीपोटाच्या पडद्यावर काही पारदर्शक आणि लालसर फोड सापडले, जे कुठल्याच तपासणीत दिसले नव्हते. तरुण मुलींमध्ये हे डाग बहुधा पुस्तकांतल्या चित्रांसारखे काळेनिळे नसतात, त्यामुळे न सरावलेल्या नजरेतून ते सुटतात. नमुना तपासून निदान पक्के झाले. नंतर तिला डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज सुरू केले, कारण शस्त्रक्रियेनंतर हार्मोनचे औषध न घेतल्यास आजार परत येण्याची शक्यता बरीच असते. अठरा वर्षांखालच्या मुलींत हेच औषध हाडांची घनता काहीशी कमी करू शकते, म्हणून तिथे हात आखडता घ्यावा लागतो. आज तिचे दुखणे दहापैकी दोनतीन असते आणि शौचाची कळ गेली आहे. वर्षातून एखादा महिना तरीही वाईट जातो. तिला मी ‘पूर्ण बरी झालीस’ असे कधी सांगितले नाही, कारण या आजाराबाबत तसे म्हणता येत नाही.

म्हणजे नॉर्मल सोनोग्राफीने काय सिद्ध होते? अंडाशयावर मोठी चॉकलेट सिस्ट नाही, गर्भाशयात मोठी फायब्रॉइडची गाठ नाही, एवढे. पडद्यावरचे उथळ डाग सोनोग्राफीत दिसतच नाहीत, आणि खोलवरचे डाग शोधल्याशिवाय सापडत नाहीत. उलट बाजूने, सीए-१२५ ही रक्ततपासणी बऱ्याचदा सांगितली जाते. ती साध्या पाळीतही वाढते आणि आजारातही नॉर्मल राहू शकते, म्हणून केवळ तिच्या भरवशावर निदान करू नये. दुर्बिणीची तपासणीही पहिल्या दिवसापासून प्रत्येकीला लागत नाही. युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती आता निदानाची एकमेव कसोटी मानली जात नाही. लक्षणांवरून औषध सुरू करता येते, आणि चित्रण काही दाखवत नाही व औषधही लागू पडत नाही, तेव्हा दुर्बीण.

एक वेगळी शक्यता इथेच सांगते, कारण ती मुलींमध्येच सापडते. पहिल्या पाळीपासून काही महिन्यांतच दुखणे सुरू झाले, ते नेहमी एकाच बाजूला आहे आणि दर महिन्याला चढत चालले आहे, तर जन्मजात रचनेत अडथळा असू शकतो. अशा मुलींत गर्भाशय दोन भागांचे असते आणि त्यातल्या एका भागाचे रक्त बाहेर पडायला वाट नसते. दुसऱ्या भागातून पाळी नियमित येत असल्याने कुणाला शंका येत नाही. माझ्याकडे आलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलीची अपेंडिक्ससाठी काढलेली सोनोग्राफी होती. तिच्या तिसऱ्या ओळीत ‘उजवे मूत्रपिंड दिसत नाही’ असे लिहिले होते आणि ते वर्षभर कुणी वाचले नव्हते. गर्भाशय आणि मूत्रपिंड गर्भावस्थेत शेजारी शेजारी घडतात, म्हणून एक मूत्रपिंड नसणे ही त्याच बाजूच्या गर्भाशयातील दोषाची खूण असू शकते. एमआरआयने अडथळा नेमका दाखवला आणि तो मोकळा केल्यावर दुखणे थांबले. पाळी मुळीच न येता दर महिन्याला पोटात दुखते, हीदेखील अशीच तातडीने दाखवण्याची गोष्ट आहे.

तिशीनंतर नव्याने सुरू झालेले दुखणे ही वेगळी बाब आहे. तिथे गर्भाशयाच्या स्नायूतच अस्तर शिरणे म्हणजे ॲडेनोमायोसिस, फायब्रॉइड, तांबी किंवा जंतुसंसर्ग, आणि आपल्या देशात क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत त्यांतले बहुतेक संभव नाहीत, म्हणून त्यात शिरत नाही. मात्र वय काहीही असो, नेहमीपेक्षा वेगळे, अचानक आणि एका बाजूला असह्य दुखणे, त्याबरोबर ताप किंवा भोवळ, अथवा पाळी चुकल्यानंतरचे दुखणे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अंडाशयाला पीळ पडणे, अपेंडिक्स आणि नळीतला गर्भ यांच्यासाठी तीन पाळ्यांची वाट बघायची नसते.

तुमच्या मुलीपुरते बोलायचे तर, तिचे दुखणे पहिल्या दोन दिवसांपुरते असल्याने चित्र साध्या दुखण्याकडे झुकते, पण शौचाच्या आणि लघवीच्या वेळच्या दुखण्याबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, आणि कदाचित तिने ते तुम्हाला सांगितलेही नसेल. आधी वर लिहिल्याप्रमाणे तीन पाळ्या औषध द्या. त्या अवधीतही कॉलेज बुडतच राहिले, तर चौथ्या पाळीची वाट न बघता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणून हा हिशेब दिवाळीच्या आसपास सुरू झालेला बरा. परीक्षेच्या तोंडावर औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणण्याची वेळ मग येत नाही, कारण हार्मोनची गोळी लागणार असेल तर ती तोवर सुरू झालेली असते.

डॉक्टरांकडे जाताना नोंदवही, आतापर्यंतच्या सगळ्या सोनोग्राफी, अपेंडिक्स किंवा पोटदुखीसाठी काढलेल्या जुन्यासुद्धा, आणि घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घाला. पट्ट्या का, तर ‘ती पांढरी गोळी’ म्हणून आम्हाला मात्रा कळत नाही. आणि मुलीला आमच्याशी पाच मिनिटे एकटीने बोलू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसलात, तर शौचाच्या कळेचा प्रश्न मी विचारेन आणि ती उत्तर देईल. तुमच्यासमोर बहुतेक मुली फक्त मान हलवतात.